शाळेतून फोन आला : आपलंच मूल दुसऱ्याला त्रास देत असेल, तर पहिल्या संध्याकाळपासून काय करायचं

दुपारी अडीचच्या सुमारास शाळेच्या नंबरवरून फोन येतो. पहिल्यांदा वाटतं, पोराला ताप आला असेल, नाहीतर पडला असेल कुठंतरी. पलीकडून बाई म्हणतात, "ताई, तुमच्या मुलाबद्दल तक्रार आहे. तो एका लहान मुलाला रोज त्रास देतोय." ताप आला असता तर काय करायचं हे माहीत असतं. या फोननंतर काय करायचं ते बहुतेकांना माहीत नसतं.

मी सोलापुरात शाळकरी मुलांचं समुपदेशन करते. आपल्या मुलाला कुणीतरी छळतंय म्हणून येणारे आईवडील पुष्कळ भेटतात. आपलं मूल छळतंय म्हणून येणारे थोडे, आणि तेही शाळेनं पाठवलं म्हणून आलेले. ते माझ्यापर्यंत पोचतात तोवर दोनांपैकी एक गोष्ट होऊन गेलेली असते. एक तर पोराला बडवून झालेलं असतं, नाहीतर पोराची बाजू घेऊन शाळेशी भांडून झालेलं असतं. दोन्हींच्या मधली वाट आहे, आणि ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच धरावी लागते. ती कशी धरायची ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. दोन-तीन घरांतले प्रसंग एकत्र केले आहेत आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलले आहेत. मोठ्या मुलाला राजू म्हणू, सहावीतला. ज्याला त्रास झाला तो चिनू, चौथीतला. दोघं अशोक चौकाच्या बाजूनं शाळेत जाणाऱ्या एकाच रिक्षात बसायचे.

फोनवर काय विचारायचं

कागद-पेन घ्या. राग, लाज, घाबरणं, सगळं एकदम अंगावर येतं आणि ऐकलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून कागद. "त्रास देतो", "दादागिरी करतो", "मस्ती फार आहे" या शब्दांतून काही कळत नाही. शांतपणे विचारा, "बाई, तो नेमकं काय करतो? कुठं? किती दिवसांपासून? कुणी पाहिलंय? आणि त्या मुलाची तब्येत कशी आहे आता?"

राजूच्या आईनं हे विचारलं तेव्हा असं कळलं. साधारण तीन आठवडे सकाळच्या रिक्षात राजू चिनूचा डबा काढून घ्यायचा, उघडून नाकाला लावायचा आणि म्हणायचा, "तंबाखूचा वास येतोय बे!" चिनूची आई घरी विड्या वळते. डब्यात बऱ्याचदा पुलिहोरा असायचा. तो भात रिक्षात हातोहात फिरायचा आणि चिनूच्या हाती रिकामा डबा यायचा. त्याला कडेच्या सीटवर बसू न देता मधल्या लाकडी फळीवर बसवायचे. घरी तेलुगू बोलणारा चिनू मराठी बोलताना अडखळला की राजू त्याची नक्कल करायचा आणि मागची दोन आठवीतली मुलं खो खो हसायची. चार दिवस झाले, चिनू सकाळी पोट दुखतं म्हणून रडत होता. शेवटी त्याची आईच शाळेत आली.

हे ऐकताना ओठावर एक वाक्य येतंच : "त्या मुलानं आधी काहीतरी केलं असेल." ते गिळा. खरंच काही केलं असेल तर ते नंतर कळेल. आता एवढंच म्हणा, "मी आज त्याच्याशी बोलते आणि परवा तुम्हाला फोन करते. तोवर रिक्षात त्या दोघांना लांब बसवायची सोय होईल का?" शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तुमचं बोलणं फळाला यायला वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या मुलाला रोज सकाळी त्याच फळीवर बसावं लागू नये.

त्या मुलाच्या घरी आपण होऊन लगेच फोन करू नका. तुम्ही माफी मागायला केलेला फोनही तिकडे दबाव वाटू शकतो. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षरही नको.

खोडी, भांडण की छळ

घरात लगेच कुणीतरी म्हणतंच, "पोरं आहेत, खोड्या करणारच." खोडी आणि छळ यांत फरक आहे, आणि तो ओळखता येतो. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७०च्या दशकापासून शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात : मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि ज्याच्यावर होतं त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, कारण समोरचा वयानं, अंगानं, संख्येनं किंवा मानानं भारी असतो.

मधल्या सुट्टीत दोन सहावीतली पोरं बॅटवरून एकमेकांच्या अंगावर गेली तर ते भांडण. उद्या ती परत एकत्र खेळतील. राजूनं तीन आठवडे, आपल्याहून दोन वर्षांनी लहान पोराला, मोठ्या मुलांच्या हशाच्या जोरावर रोज तेच केलं. तिन्ही खुणा आहेत.

हा फरक नावापुरता नाही. भांडणात दोघांना समोरासमोर बसवून "तू काय केलंस, त्यानं काय केलं" असं मिटवता येतं. छळात तसं करायला गेलं तर दुबळं पोर भारी पोरासमोर बसतं, "काही नाही, मजाक होती" म्हणून मान डोलावतं, आणि सगळ्यांना वाटतं मिटलं. म्हणून पहिल्याच दिवशी दोघांचे हात मिळवून देऊ नका.

बोलण्याआधी घरातल्यांचं एकमत

राजूचे वडील टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांना बायकोनं फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "येऊ दे घरी, पट्टाच काढतो." पट्ट्यानं पोरगं चार दिवस गप्प बसतं हे खरं आहे, म्हणूनच तो उपाय वाटतो. पण त्या चार दिवसांत पोराच्या मनात काय पक्कं होतं ते बघा. मोठ्यानं लहानाला मारलं, लहान काही करू शकला नाही. रिक्षातही हेच चाललं होतं. शिवाय मार खाल्लेलं पोर विचार करतं, "चिनूनं सांगितलं म्हणून मला मार बसला." म्हणजे दुसऱ्या दिवशी चिनूची आणखी अवस्था वाईट.

उलट आजी म्हणाली, "माझा राजू तसा नाही. ती पोरंच तसली." हेही तितकंच घातक, आणि "तसली" या शब्दात काय दडलंय ते पोराला बरोबर कळतं.

राजूच्या आईनं दोघांना एकच विनंती केली : आज रात्री मी एकटी बोलेन, तुम्ही कुणी त्याला काही बोलू नका, उद्या आपण तिघं बसू. घरात दोन मोठी माणसं दोन सूर लावत असली की पोर बरोबर मऊ बाजूला जाऊन बसतं.

बोलायचं त्याच दिवशी, पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या नाही. खाऊन होऊ दे, अंगातला शाळेचा शीण उतरू दे. धाकट्या बहिणीसमोर नको. समोरासमोर खुर्च्या मांडून बसवलं की पोलीस ठाण्यासारखं होतं, दहा-बारा वर्षांची मुलं तिथं मिटतात. शेजारी शेजारी असताना बोलतात : गच्चीवर, चालताना, भांडी पुसताना. राजूला आईनं गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला नेलं. वीस मिनिटं पुरतात. तासभर चाललं तर ते भाषण झालं असं समजा.

पहिलं वाक्य

"आज शाळेत काय झालं रे?" असं विचारू नका. तुम्हाला माहीत आहे आणि तरी विचारताय. पोर म्हणणार, "काही नाही." मग तुम्ही म्हणणार, "खोटं बोलतोस?" आणि चर्चा खोटेपणावर जाऊन बसते, चिनू बाजूलाच राहतो. जे माहीत आहे ते सरळ सांगा.

आईचे शब्द साधारण असे होते : "बाईंचा फोन आला होता. तू रिक्षात चिनूचा डबा घेतोस, त्याला फळीवर बसवतोस आणि त्याच्या बोलण्याची नक्कल करतोस, हे मला कळलंय. हे उद्यापासून बंद. मी तुला मारणार नाही आणि ओरडणारही नाही, पण हे सोडूनही देणार नाही. आता तू सांग, मी ऐकते."

यात "तू वाईट आहेस" कुठंच नाही, "तू हे करतोस" आहे. "गुंड झालास", "नाक कापलंस" अशी वाक्यं आली की पोर स्वतःला वाचवायच्या मागे लागतं. आणि हे लगेच सांगून ठेवा : "मला हे कुणाकडून कळलं याचा राग तू रिक्षात कुणावर काढलास, तर ती वेगळी आणि मोठी चूक होईल."

मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. राजूनं मिनिटभर नुसत्या कपड्यांच्या चिमट्या डब्यात टाकल्या. आई बोलली नाही.

सबबी येतील, त्या ऐका आणि परत करा

राजूचं पहिलं उत्तर, "अगं, मजाक होती." पोर खोटंच बोलत असतं असं नाही. आपण जे केलं ते आपल्यालाच बघवत नाही, म्हणून प्रत्येक माणूस त्याला मवाळ नाव देतो, आणि पोरंही तेच करतात. यावर वाद घालू नका, तपासणी करा : "मजाक असेल तर दोघं हसतात. चिनू हसत होता का?"

राजू म्हणाला, "हो, कधी कधी हसायचा."

इथं बहुतेक पालक "तुझ्याशी कुणी असं केलं तर तुला कसं वाटेल?" यावर येतात. माझा अनुभव असा की हा प्रश्न फारसा चालत नाही. राजूसारखा पोरगा पटकन म्हणतो, "मला काही नाही वाटणार, मी पण त्याला देईन एक." त्याला स्वतःची ताकद गृहीत धरून उत्तर देता येतं. त्यापेक्षा त्याच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते विचारा. आईनं विचारलं, "तू डबा घेतलास तेव्हा त्याचे हात कुठं होते?"

बराच वेळ गेला. मग राजू म्हणाला, "दप्तर धरलं होतं. पोटाशी."

"आणि बघत कुठं होता?"

"खाली. काकांच्या सीटकडं."

आई एवढंच म्हणाली, "हसणारं पोर दप्तर पोटाशी धरत नाही." त्या संध्याकाळी याहून जास्त काही साधायचं नव्हतं. जे पोरानं रोज पाहिलं होतं पण बघायचं टाळलं होतं, ते त्याच्याच तोंडून आलं.

इतर सबबी पटकन सांगते. "सगळेच करतात" म्हटलं तर, "असतील, त्यांचं शाळा बघेल. मी तुझी आई आहे, मी तुझं विचारतेय." "त्यानंच सुरू केलं" म्हटलं तर, काय सुरू केलं ते नीट ऐकून घ्या, लिहून घ्या आणि म्हणा, "हे मी बाईंना सांगेन. पण डब्याचं उत्तर अजून राहिलंय."

कारण शोधायचं, पण "का" न विचारता

"का केलंस असं?" याचं प्रामाणिक उत्तर सहावीतल्या पोराकडं नसतंच. त्याला ते माहीत नसतं. तो खांदे उडवतो, आणि आपल्याला वाटतं निर्ढावलाय. त्याऐवजी विचारा : त्याच्या आधी काय झालं होतं? आणि केल्यावर काय झालं?

पहिल्या प्रश्नातून दोन प्रकार वेगळे होतात. काही मुलं भडकून हात उचलतात. कुणी काही बोललं, धक्का लागला, की डोकं फिरतं आणि नंतर रडूही येतं. अशा मुलाला राग वर चढताना ओळखायला आणि तिथून बाजूला व्हायला शिकवावं लागतं. दुसरी मुलं थंड डोक्यानं करतात, कारण त्यातून काहीतरी मिळतं. राजूला सकाळी काही भडकवणारं घडत नव्हतं, चिनू येऊन बसला की तो सुरू व्हायचा. म्हणजे रागावर ताबा ठेवायचे धडे देऊन इथं काही झालं नसतं. त्याला मिळत काय होतं ते शोधायचं होतं.

ते दुसऱ्या प्रश्नातून कळलं. "डबा फिरवल्यावर काय व्हायचं?" "मागचे दादालोक हसायचे." "मग?" "मग ते मला त्यांच्यात बसू द्यायचे."

पुढचं कळायला चार दिवस लागले, आणि तेही आई रात्री भाकरी करत असताना, तिनं काही विचारलेलं नसताना. मागच्या वर्षी तीच मोठी मुलं राजूला फळीवर बसवायची. अंगानं जाडसर म्हणून "ढोल्या" म्हणायची. चिनू नवा आला आणि राजूची फळी सुटली. आणि "ढोल्या" हे नाव रिक्षात जन्मलं नव्हतं. घरी मामा आला की पहिलं वाक्य तेच असायचं, "काय ढोल्या, किती भाकऱ्या हाणल्या?" आणि घरातले सगळे हसायचे. आईसुद्धा.

आता इथं पालक घसरतात. कारण हाती लागलं की जीव कळवळतो आणि वाक्य तयार होतं : "तुला ढोल्या म्हणतात, म्हणून तू चिनूला चिडवलंस." या वाक्यातला "म्हणून" हा एक शब्द सगळं बिघडवतो. पोराला ऐकू येतं की चूक मामाची, चूक दादालोकांची, माझी नाही. पुढच्या वेळी तोच "म्हणून" तो स्वतः वापरेल. उलट काही वडील कारण कानावरच घेत नाहीत, "ढोंगं नकोत, चूक ती चूक." मग पोर परत कधी सांगत नाही, आणि ज्यामुळं हे सुरू झालं ते तसंच राहतं.

माझ्याकडं येणाऱ्या आईवडलांना मी एकच सवय लावते. दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत सांगा, मध्ये पूर्णविराम द्या, "म्हणून" नको आणि "पण" पण नको. "तुला ढोल्या म्हणतात ते वाईट आहे. ते मी थांबवणार." थांबा, श्वास घ्या. "तू चिनूचा डबा घेतलास ते वाईट आहे. ते तू थांबवणार." पहिल्यात काम तुमचं, दुसऱ्यात काम त्याचं. आधी आरशासमोर म्हणून बघा, कारण "म्हणून" जिभेवर इतका बसलेला असतो की नकळत येतोच. राजूच्या आईनं मला फोनवर तीनदा म्हणून दाखवलं आणि दोनदा तो आला.

आणि पहिलं वाक्य म्हटलंत की पाळावं लागतं. तिनं भावाला फोन करून सांगितलं, "दादा, आजपासून त्याला नावानं हाक मार." तो दुखावला, म्हणाला, "प्रेमानं म्हणतो मी." ती म्हणाली, "मला माहीत आहे. तरी." वडलांनी पट्टा काढला नाही, आणि पोरासमोर एवढं म्हणाले की मीही आधी तुला मारायचो, ते मी बंद केलंय. रिक्षातल्या आठवीतल्या मुलांचं आईनं बाईंना सांगितलं. तेही छळच करत होते आणि त्यांच्याशी बोलायचं काम शाळेचं होतं.

चिनूच्या आईच्या विड्यांवरून आणि भाषेवरून जे बोललं गेलं, त्याला मात्र वेगळा वेळ द्या. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आपल्या गावात गल्लीगल्लीत आहेत, पोराला हे शब्द कुठूनतरी मिळतात. आजीचं "ती पोरंच तसली" आठवा. कुणाच्या कामावरून, जातीवरून, भाषेवरून टोमणा असेल तर तो आपल्या ओट्यावर कुणी मारला होता का, हे स्वतःला विचारा आणि पोरासमोर सांगा की आपण चुकलो. राजूच्या आजीशी बोलायला त्याच्या आईला आठवडा लागला.

शिक्षा नको, भरपाई हवी

महिनाभर मोबाइल बंद, क्रिकेट बंद, अशी शिक्षा देऊन घर थकतं आणि दहाव्या दिवशी ती सुटते. शिवाय डब्याचा आणि मोबाइलचा संबंध पोराला लागत नाही. जे बिघडवलं त्याच्याशी जोडलेलं, लगेच सुरू होणारं आणि तुम्हाला शेवटपर्यंत पाळता येईल असं काहीतरी ठरवा.

राजूच्या बाबतीत तीन गोष्टी ठरल्या. रिक्षात चार आठवडे तो पुढं, काकांच्या नजरेसमोर बसणार आणि चिनूला कडेची सीट. आईनं रिक्षावाल्या काकांना तसं भेटून सांगितलं. दुसरं, मागच्या दोघांना त्यानं पुन्हा हसवायचा प्रयत्न केला तर दुसऱ्या दिवसापासून वडील त्याला स्वतः गाडीवर सोडणार. तिसरं, खाल्लेल्या डब्यांचं काय? राजू म्हणाला, "मी माझा डबा देतो त्याला." ऐकायला छान, पण मी नको म्हटलं. ज्याचा डबा गेला त्याला, तो नेणाऱ्याच्याच हातातून डबा घ्यायला लावणं म्हणजे पुन्हा त्या नेणाऱ्याच्याच मर्जीवर. त्यानं खाऊच्या पैशांतून काही रक्कम आईकडं जमा केली आणि ती बाईंच्या मार्फत चिनूच्या आईकडं गेली. तिनं घेतली. नाकारली असती तरी चाललं असतं.

माफीचं असंच. जबरदस्तीनं "सॉरी म्हण" केलं की पोर पाठ केल्यासारखं म्हणतं, आणि समोरच्यावर "असू दे" म्हणायची सक्ती होते. राजूनं चार ओळी लिहिल्या. पहिल्या खेपेला लिहिलं, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." आईनं परत दिलं, कारण त्यात "असेल तर" होतं. दुसऱ्या खेपेला, "मी तुझा डबा घेतला आणि तुझ्या आईबद्दल बोललो. ते चुकीचं होतं. परत करणार नाही." हा कागद बाईंकडं दिला आणि विचारलं, चिनूला हवाय का. चिनू म्हणाला, नको. बाईंनी कागद ठेवून घेतला. राजू हिरमुसला, "मग मी कशाला लिहिलं?" आई म्हणाली, "तू लिहिलंस ते तुझं काम होतं. वाचायचं की नाही ते त्याचं."

थांबलंय की लपलंय, कसं ओळखायचं

पहिल्या आठवड्यात सगळं छान होतं, कारण सगळ्यांचं लक्ष असतं. निदान दोन महिने लक्ष ठेवा. रोज "आज त्रास नाही ना दिलास?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलंच येणार. आठवड्यातून एकदा बाईंना किंवा काकांना विचारा, आणि पोराला नेमकं विचारा : "आज कडेला कोण बसलं होतं? मागच्यांनी काय केलं? तू काय केलंस?"

छळ रिक्षातून निघून मोबाइलवर जातो, किंवा चिनू सुटून दुसरं पोर सापडतं. पोर एकदम अति गोड वागायला लागलं, फोन उलटा ठेवायला लागलं, किंवा चिनू अजून सकाळी पोट धरून बसत असेल, तर थांबलेलं नाही. खरा सुधार दिसतो तो छोट्या, थोड्या कंटाळवाण्या गोष्टींत. तिसऱ्या आठवड्यात राजू म्हणाला, "आता ते माझ्याशी बोलतच नाहीत." मोठ्यांच्या टोळीतून तो बाहेर पडला होता आणि त्याला ते खटकत होतं. इथं आईवडलांनी हलू नये. त्याला दुसरे सोबती हवे असतात, नाहीतर तो परत तिकडंच जाणार. त्याच्या वर्गातल्या दोन मुलांना रविवारी घरी बोलावलं, तेवढ्यानं बरंच भागलं.

काही गोष्टी घरी बोलून सुटत नाहीत, तिथं वाट बघू नका. पोर जनावरांना मुद्दाम इजा करत असेल, कुणाला जखमी केलं असेल, जवळ चाकू-ब्लेड बाळगत असेल, छळाचे व्हिडिओ काढत असेल, किंवा एकाएकी खाणं, झोप, अभ्यास सगळं बदललं असेल, तर शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा तज्ज्ञाकडं न्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तुमच्या पोरालाच कुणी मारत, छळत असल्याचं बोलता बोलता बाहेर आलं तर चाइल्डलाइनचा १०९८. लैंगिक स्पर्शाची किंवा तसल्या फोटोंची गोष्ट निघाली तर तो घरातल्या घरात मिटवायचा विषय नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे.

एक वेळ मी पालकांना कॅलेंडरवर खूण करून ठेवायला सांगते : लांब सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. दिवाळीची सुट्टी संपली की मुलं जुन्या जागा शोधत परत येतात आणि कधी कधी जुने खेळही तिथंच पडलेले सापडतात. राजूची आई त्या सोमवारी सकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. रिक्षा आली तेव्हा मधली फळी रिकामी होती. राजू पुढं काकांजवळ चढला, कुणी सांगितलं नव्हतं, चार आठवडे कधीच होऊन गेले होते. काकांना तिनं नंबर पुन्हा देऊन ठेवला आणि म्हणाली, "काका, शुक्रवारी एकदा फोन करते."